डीआय की पिस्टन: काजळी जाते कुठे आणि धक्का येतो कुठून?

ओंकार_मेकॅनिकल
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी रायफलमधली गॅस यंत्रणा हा विषय घेतलाय. नळीतून थोडा गॅस बाजूला काढायचा आणि त्याच्या जोरावर रायफल पुन्हा भरायची, इतपत मला समजलंय. डीआयमध्ये, म्हणजे डायरेक्ट इम्पिंजमेंटमध्ये, तो गॅस बारीक ट्यूबमधून थेट मागे बोल्टपर्यंत, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या भागापर्यंत, येतो. पिस्टनवाल्या रायफलीत तो पुढेच दट्ट्याला ढकलतो आणि दट्ट्या मागे धक्का देतो.

मी स्लाइडवर तीन ओळी लिहिल्या होत्या. डीआय घाण होते, पिस्टन स्वच्छ राहतो. डीआय तापते, पिस्टन थंड राहतो. पिस्टनचा धक्का जास्त बसतो. सरांनी पहिल्याच ओळीवर थांबवलं. म्हणाले, "दारू तीच, गॅस तोच. मग पिस्टनच्या रायफलीतली काजळी हवेत विरते का? कुठे जाते ती?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा उभं राहायचंय. कोणी प्रत्यक्ष हाताळलंय का?

बार्शीकर_विनू
सोपं आहे रे. डीआय म्हणजे एम१६, आणि एम१६ ने व्हिएतनाममध्ये काय केलं ते जगाला माहीत आहे. गॅस घाण घेऊन थेट बोल्टमध्ये येतो, बोल्ट जाम होतो, सैनिक अडकतो. म्हणून तर एके, आपली इन्सास, एचके४१६ सगळ्या पिस्टनच्या. २००७ मध्ये अमेरिकेने धुळीत चाचणी घेतली. प्रत्येक मॉडेलच्या १० रायफली आणि प्रत्येक मॉडेलचे ६०,००० राउंड. एम१६ चीच आखूड आवृत्ती असलेली एम४ ८८२ वेळा अडकली, एचके४१६ २३३ वेळा, स्कार २२६ आणि एक्सएम८ फक्त १२७. हे आकडे लाव स्लाइडवर, सर गप्प बसतील.

नेमबाजाची_आई
माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल करते. आम्ही सुरुवातीला पिस्टनची घेतली होती. प्रत्येक छर्ऱ्याला रायफल पुढे-मागे उडी मारायची, ग्रुपिंगच बसेना. नंतर हवेच्या सिलिंडरची घेतली तेव्हा कुठे धक्का गेला आणि स्कोअर वाढला. त्यामुळे पिस्टनचा धक्का जास्त, ही तुझी तिसरी ओळ अगदी बरोबर आहे बाळा. काजळीचा त्रास मात्र आम्हाला कधीच झाला नाही.

निवृत्त_आर्मरर
ताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो पिस्टन वेगळा. तुमच्या जुन्या रायफलीत स्प्रिंग सुटून जड पिस्टन पुढे आपटायचा आणि छर्रा नळीत असतानाच रायफल हलायची. इथे विषय दारूच्या गॅसवर मागे जाणाऱ्या दट्ट्याचा आहे. तिथे गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत फारसं काही हललेलंच नसतं. नाव एक, काम दोन.

ओंकार, मी आर्मरर म्हणून बावीस वर्षं काढली. आधी एसएलआर, मग इन्सास, आणि शेवटची तीन वर्षं एम४ असलेल्या तुकडीबरोबर. आता होटगी रोडला घरी असतो. तुझ्या सरांचा प्रश्न मला आवडला. त्याचं उत्तर मी एका एसएलआरवर शिकलो, तीच गोष्ट सांगतो.

एसएलआर पिस्टनची रायफल. नळीच्या वर गॅस सिलिंडर, त्यात आखूड धावेचा पिस्टन, पुढे गॅस प्लग आणि गॅस कमी-जास्त करायचा रेग्युलेटर. एका जवानाची रायफल रिकामी पुंगळी नीट फेकेना. पुंगळी दाराशीच घुटमळायची. त्याने रेग्युलेटर एक खाच आवळला. एसएलआरमध्ये आवळलं की जादा गॅस बाहेर सोडणारं भोक झाकलं जातं आणि पिस्टनला जोर जास्त मिळतो. रायफल चालली. पुढच्या फायरिंगला पुन्हा तेच, पुन्हा एक खाच. असं करत करत रेग्युलेटर पूर्ण आवळला गेला आणि रायफल तरीही अडायला लागली. मग ती माझ्या टेबलावर आली.

मी प्लग काढला, पिस्टनची स्प्रिंग काढली, नुसता पिस्टन सिलिंडरमध्ये ठेवून रायफल उभी-आडवी केली. पिस्टन आपल्या वजनाने सरकायला हवा. हा जागचा हलेना. बाहेर ओढला तर डोक्यावर काजळीचा टणक थर, नखाने निघणार नाही असा. सिलिंडरच्या तोंडाशी तसंच कडं झालेलं. बोल्ट मात्र स्वच्छ होता. जवान रोज बोल्ट पुसायचा, कारण तो दिसतो. आणि त्याची चूक म्हणशील तर ती प्रेमाने केलेली: तो पिस्टनला तेल लावायचा. गरम गॅस त्या तेलाला भाजतो, आणि भाजलेलं तेल म्हणजे नवी काजळी. एसएलआर असो की इन्सास, आमच्याकडे शिस्त एकच: फायरिंगआधी गॅसचे भाग कोरडे.

मी सगळं घासून कोरडं केलं, रेग्युलेटर सैल केला, आणि एकेक राउंड टाकत पुन्हा बसवला. पुंगळी नीट बाहेर पडायला लागते तिथे थांबायचं आणि वर दोन खाचा घ्यायच्या, धूळ-चिखलासाठी राखीव. रायफल पूर्वीसारखी झाली.

सांग सरांना, काजळी नाहीशी होत नाही. ती पुढे बसते. बोल्ट पाहून रायफल स्वच्छ आहे असं वाटतं, तीच फसवणूक.

ओंकार_मेकॅनिकल
काका, हे सोन्यासारखं आहे. पण मग एम४ मध्ये तेच मागे बसतं, एवढाच फरक का?

निवृत्त_आर्मरर
जागा बदलली की शिस्तही उलटी होते, तो खरा फरक.

एम४ मध्ये बोल्ट एका कॅरिअरमध्ये बसतो. ट्यूब गॅसला त्या कॅरिअरच्या डोक्यावरच्या चावीत, म्हणजे पोकळ तोटीत, सोडते. तिथून तो कॅरिअरच्या पोटात, बोल्टच्या शेपटीमागे शिरतो. बोल्ट तेव्हा नळीच्या मागे कुलूपबंद असतो, तो मागे जाऊ शकत नाही. म्हणून गॅस कॅरिअरला मागे ढकलतो. नीट बघ, इथे बोल्ट हाच पिस्टन आणि कॅरिअर हा सिलिंडर. बोल्टवर तीन बारीक रिंगा असतात, मोटरसायकलच्या पिस्टनवर असतात तशाच. कॅरिअर थोडा मागे सरकला की त्याच्या उजव्या बाजूची दोन भोकं उघडतात आणि उरलेला गॅस तिथून बाहेर फुंकला जातो.

यूजीन स्टोनरने ही रचना केली. १९६० मध्ये मिळालेल्या पेटंटमध्ये त्याने स्वतःच म्हटलंय की नेहमीच्या थेट गॅस मारणाऱ्या यंत्रणेपेक्षा ही वेगळी आहे. खरा थेट मारा स्वीडनच्या युंगमान रायफलीत किंवा फ्रान्सच्या मास-४९ मध्ये. तिथे ट्यूबचं तोंड कॅरिअरवरच्या एका वाटीत फुंकतं, संपलं. आता सगळ्यांनाच डीआय म्हणायची पद्धत पडलीय, त्याला इलाज नाही.

तर काजळी बसते बोल्टच्या शेपटीवर, रिंगांजवळ आणि कॅरिअरच्या पोटात. तिथे सगळे भाग सरकणारे आहेत, आणि गरम गॅस प्रत्येक राउंडला तेल वाळवत असतो. म्हणून एम४ चा कॅरिअर ओला हवा. आमच्याकडे एसएलआर-इन्सासवर वाढलेली पोरं आली, त्यांच्या हाताला कोरडं ठेवायची सवय. धुळीच्या रेंजवर तिसऱ्या-चौथ्या शंभरीला बोल्ट पूर्ण मिटेना. मी काही उघडलं नाही. कॅरिअरच्या त्या दोन भोकांत चार थेंब तेल सोडलं, हाताने चार-पाच वेळा मागेपुढे केलं, आणि रायफल दिवसभर चालली. काजळी तेवढीच होती. फक्त सुकी काजळी धरून ठेवते, ओली सरकू देते.

मागवाला
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी माग दुरुस्त करतो. बंदुकीतलं कळत नाही, पण हे ओळखीचं वाटलं. एअरजेट मागात हवा थेट धाग्याला ढकलते, वजन हलत नाही म्हणून वेग मिळतो. रेपिअरमध्ये दांडा जाऊन धागा आणतो, तिथे दांड्याचं वजन दोन्ही टोकांना थांबवावं लागतं, म्हणून माग हादरतो. तुमच्यात पण हलणाऱ्या वजनाचाच खेळ असेल का?

निवृत्त_आर्मरर
अगदी तोच खेळ. धक्क्यावर बोलताना हेच लागणार आहे.

बार्शीकर_विनू
काका, तुमचा मान राखून विचारतो. चार थेंब तेलाने सुटत असतं तर व्हिएतनाममध्ये सैनिक का मेले? आणि ८८२ विरुद्ध १२७ याचं काय?

निवृत्त_आर्मरर
विनू, दोन्हीचं सांगतो, आधी व्हिएतनाम.

तिथल्या रायफलींचा सगळ्यात वाईट आजार पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो त्या जागी, अडकून राहण्याचा होता. पुंगळी ओढणारा एक्स्ट्रॅक्टर तिची कड सोडून मोकळा मागे यायचा आणि सैनिक नळीच्या तोंडातून गज घालून पुंगळी ठोकायचा. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्या दमट हवेत तो गंजायचा. साफसफाईचं सामान पुरेसं पोहोचलं नव्हतं, आणि ही रायफल साफच करावी लागत नाही असा समज पसरला होता. त्यात ज्या दारूवर रायफल घडवली ती बदलून गोळीदार दाण्यांची दारू आली. तिने रायफलीचा वेग वाढवला, म्हणजे चेंबरमध्ये पुंगळी अजून घट्ट बसलेली असतानाच बोल्ट तिला ओढायला लागला. त्या दारूत कॅल्शियम कार्बोनेटही जास्त होतं, त्याचा थर गॅसच्या वाटेत बसायचा. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या इकॉर्ड उपसमितीने यावर कडक अहवाल दिला. मग चेंबरला क्रोम आला, कॅरिअरला मागे थोपवणारा बफर बदलला, दारू सुधारली, सफाईचं सामान दिलं. गॅस ट्यूब मात्र तीच राहिली, आजपर्यंत. ट्यूबच मूळ दोष असती तर या उपायांनी रायफल सुधारली नसती.

बार्शीकर_विनू
दारूचं मला माहीत नव्हतं. मान्य. पण धुळीची चाचणी तर २००७ ची आहे, तेव्हा क्रोमही होता आणि तेलही.

निवृत्त_आर्मरर
आकडे बरोबर आहेत तुझे. भाग देऊन बघ: एम४ साधारण ६८ राउंडला एकदा अडली, एचके४१६ २५७ ला एकदा. फरक मोठा आहे, मी तो नाकारत नाही. पण त्याच वर्षी आधी झालेल्या तशाच चाचणीत एम४ जवळपास तीनशे वेळाच अडली होती. रायफल तीच, यंत्रणा तीच, आणि आकडा तिप्पट. म्हणजे त्या ८८२ मध्ये गॅस ट्यूबशिवाय आणखी काहीतरी मोजलं गेलंय. मॅगझिन, तेल, ज्या रायफली निवडल्या त्या. किती वाटा कशाचा, हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. शिवाय त्या रायफलींमध्ये फक्त गॅसचा फरक नव्हता. बोल्ट, मॅगझिन, फटी सगळं वेगळं होतं.

बार्शीकर_विनू
तरीही तिन्ही पिस्टनवाल्या पुढे आणि एकटी डीआय मागे, हा योगायोग मला पटत नाही.

निवृत्त_आर्मरर
नको पटवून घेऊस. मलाही तो पूर्ण योगायोग वाटत नाही. मी एवढंच म्हणतो की सगळा दोष ट्यूबच्या नावावर टाकू नकोस.

एनसीसी_सीनियर
मी दयानंदला असताना कॅम्पमध्ये इन्सासचं फायरिंग केलं होतं. पाच-दहा राउंडनंतर पुढचं लाकूड-प्लॅस्टिक कोमट लागायचं, गालाजवळ काही नाही. मे महिन्यात सोलापूरच्या ४३ अंशांत डीआयची रायफल असती तर चेंबरमधला राउंड आपोआप उडाला असता का? एका व्हिडिओत तसं म्हणत होते.

निवृत्त_आर्मरर
बेटा, नाही. आपोआप राउंड उडायला चेंबर खूप तापावा लागतो, आणि ती उष्णता नळीतून जळत्या दारूची येते. गॅस यंत्रणा कोणतीही असो, नळी तेवढीच तापते. बाजूला काढलेला गॅस त्या मानाने फार थोडा. शंभर-दीडशे राउंड न थांबता ऑटोमॅटिकवर मारले तर धोका दोघांनाही आहे. सोलापूरच्या उन्हाचा परिणाम दुसराच: दारू गरम असली की दाब वाढतो, गॅस जोराने येतो, रायफल वेगाने चालते. राउंडचे मॅगझिन उन्हात सोडू नका असं सांगतात ते उगाच नाही.

डीआयची उष्णता कुठे दिसते ते सांगतो. लांब फायरिंगनंतर एम४ चा बोल्ट काढशील तर हाताला चटका बसतो. पिस्टनच्या रायफलीचा बोल्ट बहुतेक वेळा हातात धरता येतो, पण तिच्या गॅस ब्लॉकला हात लावायची हिंमत करू नकोस. उष्णतेची बेरीज बदलली नाही, पत्ता बदलला. मागच्या पत्त्यावर बारीक भाग राहतात. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग तापून-तापून लवकर ढिली होते. त्या रिंगाही. रिंगांची तपासणी सोपी: बोल्ट पुढे ओढून कॅरिअर बोल्टच्या तोंडावर टेबलावर उभा ठेवायचा. कॅरिअर तसाच उभा राहिला तर रिंगा ठीक. आपल्या वजनाने खाली बसला तर बदलायच्या.

आणि ओंकार, कोणी विचारलंच तर, ट्यूबमध्ये तार घालून साफ करायची नसते. त्या दाबाचा गॅस ती वाट स्वतःच मोकळी ठेवतो. तार आत तुटली तर मात्र ट्यूब बदलावी लागते.

ओंकार_मेकॅनिकल
आता तिसरी ओळ, धक्का. रात्री बसून गणित केलं, चुकलं असेल तर सांगा. ५.५६ ची ४ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ९०० मीटरने जाते. तिचा संवेग ३.६ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. दारू अंदाजे १.७ ग्रॅम, तिचा गॅस सरासरी १३०० ने बाहेर पडतो असं धरलं तर आणखी २.२. बेरीज ५.८. भरलेली एम४ ३.४ किलोची धरली तर ती १.७ मीटर प्रतिसेकंदाने मागे यायला बघते. तीच रायफल पिस्टनची केली आणि ३०० ग्रॅम वाढले तर १.६ येतो. म्हणजे पिस्टनचा धक्का कमी निघाला! माझी ओळ उलटीच पडली.

निवृत्त_आर्मरर
गणित बरोबर. खांद्याला मिळणारी बेरीज राउंड आणि रायफलीचं वजन ठरवतं, गॅस यंत्रणा नाही. यंत्रणा ठरवते ती बेरीज कशी वाटून मिळते. मागवाल्या दादांचा दांडा इथे येतो. कॅरिअर मागे जाऊन बफरशी थांबतो, मग पुढे येऊन नळीशी थांबतो. खांद्याला एक ढकल नाही, तीन ठोके मिळतात. एकेमध्ये लांब पिस्टन कॅरिअरलाच जोडलेला, हलणारं वजन मोठं, म्हणून मागचा-पुढचा ठोका जाणवतो. एम४ मध्ये पिस्टनचं वेगळं वजनच नाही, आणि ढकल बोल्टच्या रेषेत, म्हणजे नळीच्या आणि खांद्याच्या रेषेत लागते. नळीचं तोंड कमी उचलतं.

पिस्टन नळीच्या वर असतो, त्याची ढकल रेषेच्या वर लागते. मुळातच पिस्टनसाठी घडवलेल्या रायफलीत कॅरिअरला आधार देणारे रूळ असतात, तिथे फरक पडत नाही. पण एम४ च्या साच्यात पिस्टन बसवला की कॅरिअर मागून खाली झुकतो आणि बफर ट्यूबच्या तोंडाची खालची कड खातो. ट्यूब उघडून खालच्या कडेला चकचकीत घासलेली चंद्रकोर दिसली तर समजायचं. नंतरच्या कॅरिअरना म्हणून मागे खाली उतरती टाच दिली.

माजी_एसआरपी
मी सोरेगावच्या गटात होतो, एसएलआर आणि इन्सास दोन्ही मारल्या. गणित काहीही म्हणो, हाताला जे कळतं ते वेगळं. माझ्या मते रेग्युलेटर जास्त आवळलेली इन्सास नीट बसवलेल्या एसएलआरपेक्षा कर्कश लागते.

निवृत्त_आर्मरर
एसएलआरपेक्षा जास्त म्हणाल तर मला शंका आहे, ७.६२ ची बेरीज जवळपास दुप्पट असते. पण 'कर्कश' हा शब्द बरोबर निवडलात. गॅस गरजेपेक्षा जास्त मिळाला की कॅरिअर तळाशी जाऊन आपटतो. डीआय-पिस्टनपेक्षा हाच फरक खांद्याला आधी कळतो. आखूड नळीच्या एम४ चंही हेच दुखणं. एम१६ ची नळी २० इंची, हिची १४.५ इंची. गॅसचं भोक चेंबरच्या जवळ आलं, तिथे दाब जास्त, म्हणून गॅस जोरात येतो. त्यावर सायलेन्सर लावला की गॅस नळीतूनही उलटा मागे येतो, आणि मग पिस्टनच्या रायफलीचा बोल्टही काळा होतो.

मागवाला
म्हणजे हवेचा दाब वाढवून माग पळवल्यासारखं. धागा जातो, पण सगळं लवकर झिजतं.

माजी_एसआरपी
शंका ठेवा हवालदार साहेब, माझा खांदा माझाच आहे. पण पुढच्या वेळी जुन्या मित्राच्या गटात इन्सास मिळाली तर रेग्युलेटर दोन्ही जागी ठेवून पाच-पाच राउंड मारून बघतो आणि पुंगळ्या किती लांब पडतात ते पावलांनी मोजून इथे लिहितो.

ओंकार_मेकॅनिकल
नक्की लिहा काका. मी तिन्ही ओळी खोडल्या. आता पहिल्या स्लाइडवर एसएलआर आणि एम४ शेजारी-शेजारी काढतोय, काजळी बसते तिथे काळा रंग आणि तेल लागतं तिथे निळा. एसएलआरच्या पिस्टनवर काळा आहे, निळा नाही. एम४ च्या बोल्टवर दोन्ही एकाच जागी आलेत. आर्मरर काका, मास-४९ च्या वाटीत कुठला रंग भरू? तिथे तेल लावतात का?

निवृत्त_आर्मरर
वाटीत काळा, कोरडी. निळा रंग कॅरिअरच्या रुळांवर भर. वाटी सरकत नाही, रूळ सरकतात.